दुसऱ्या शाखेचा व्यवहार्यता अहवाल कसा मांडावा

प्रश्न: आमचं कराडला मिठाई-फरसाणाचं दुकान आहे, मागेच छोटा कारखाना. वर्षाची विक्री १ कोटी १० लाखांच्या आसपास, जीएसटी कंपोझिशनमध्ये भरतो. साताऱ्याला पोवई नाक्याजवळ एक गाळा मिळतोय, भाडं महिना ३२ हजार. बँकेकडून १२ लाख कर्ज घ्यायचा विचार आहे. थोरला भाऊ म्हणतो, आधी व्यवहार्यता अहवाल लिहून दाखव. तो कसा मांडायचा? काय आधी, काय नंतर?

उत्तर:

भाऊंनी मागितलेला अहवाल आणि बँक मागेल तो प्रोजेक्ट रिपोर्ट हे दोन वेगळे कागद आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट शाखा काढायचं ठरल्यानंतर लिहिला जातो. त्यात विक्री दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत जाते आणि शेवटी हप्ता फिटतोच. व्यवहार्यता अहवालाचं उत्तर ‘नको’ असंही येऊ शकलं पाहिजे. म्हणून आधी हा अहवाल पुरा करा आणि बँकेच्या कागदांसाठी आकडे यातून घ्या. उलट क्रमाने गेलात तर कर्जाला शोभतील असे आकडे आधी ठरतात आणि मग त्यांना कारणं शोधली जातात.

क्रम मी असा ठेवेन: कराडच्या दुकानाची आजची स्थिती, साताऱ्यातली मागणी, माल कुठे बनणार आणि कसा पोचणार, पैशांचा हिशेब, कर आणि करार, आणि शाखा बंद करावी लागली तर काय. सगळ्यांच्या वर निर्णयाचं एक पान, जे सर्वांत शेवटी लिहायचं. बारा-पंधरा पानं पुष्कळ झाली. मात्र लिहायला बसण्यापूर्वी दोघा भावांनी एका कागदावर ठरवून ठेवा की कोणता आकडा आला तर आपण शाखा काढणार नाही. उदाहरणार्थ, ‘रोज इतक्यापेक्षा जास्त बिलं लागत असतील तर नको’ किंवा ‘बंद करावी लागल्यास इतक्यापेक्षा जास्त देणं राहणार असेल तर नको’. आकडे हाती आल्यावर ही रेघ ओढायला बसलात तर ती आकड्यांच्या सोयीने सरकते.

कराडची आजची स्थिती

हे प्रकरण लोक दोन परिच्छेदांत उरकतात, पण पुढचा सगळा हिशेब यावरच उभा राहतो. बिलिंगच्या संगणकातून गेल्या किमान बारा महिन्यांची विक्री महिनावार काढा आणि दिवाळीचा महिना बाजूला ठेवा. तुमची १ कोटी १० लाखांची सरासरी महिना ९ लाख १७ हजार दिसते. पण समजा, त्यातले २२ लाख एकट्या दिवाळीच्या महिन्यातले असतील, तर उरलेल्या अकरा महिन्यांची सरासरी ८ लाखच येते. शाखेची तुलना या ८ लाखांशी करायची. दिवाळीचा फराळ लोक ओळखीच्या दुकानातून घेतात, त्यामुळे पहिल्या वर्षी साताऱ्यात कराडसारखी दिवाळी होईल असं धरू नका.

आणखी तीन आकडे इथेच काढून ठेवा: सरासरी बिल किती रुपयांचं, शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्चा माल, तेल, गॅस आणि पॅकिंगला किती जातात, आणि किती माल खराब किंवा शिळा होऊन फेकला जातो. पुढे मी सरासरी बिल १८० रुपये, मालाचा खर्च ६१ आणि शाखेतली नासाडी ५ असं धरलं आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतून दुकानाच्या बाकीच्या खर्चासाठी ३४ रुपये उरतात. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेच घाला. नासाडीचा आकडा बहुतेकांकडे नसतो, तेव्हा आजपासून महिनाभर वजन करून वहीत लिहायला सुरुवात करा.

साताऱ्यातली मागणी

इथे शहराची लोकसंख्या आणि भारतातल्या मिठाईच्या बाजारपेठेचा आकार लिहिण्याचा मोह होतो. त्याने तुमच्या गाळ्याबद्दल काहीच कळत नाही. अहवालात दोनच प्रश्नांची उत्तरं हवीत: त्या जागेसमोरून जाणाऱ्यांपैकी किती जण असा माल घेतात, आणि त्यांना तुमच्याकडे येण्याचं काय कारण.

पहिल्याचं उत्तर मोजूनच मिळतं. जवळच्या फरसाणाच्या किंवा मिठाईच्या दुकानासमोर सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ उभं राहून पिशवी घेऊन बाहेर पडणारे मोजा. मंगळवार-बुधवारसारखे साधे दिवस, शनिवार आणि रविवार, असं किमान दोन आठवडे. आत डोकावून परत जाणारे धरू नका. पोवई नाक्यावर एक गोष्ट खास लक्षात ठेवा: तिथे ग्रेड सेपरेटर झाल्यापासून बरीच वाहनं भुयारी मार्गाने निघून जातात. त्यामुळे ‘नाक्यावर गर्दी प्रचंड असते’ हे वाक्य अहवालात नको. तुमच्या गाळ्यासमोर वरच्या रस्त्याने कोण जातं, गाडी क्षणभर लावता येते का, आणि घरी परतणाऱ्यांच्या हाताला दुकान कोणत्या बाजूला पडतं, हे लिहा. त्याच दिवसांत राजवाड्याकडच्या एखाद्या जागेसमोरही मोजा. तुलनेला दुसरी जागा नसेल तर पहिल्या जागेचा आकडा चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मालाची यादी साताऱ्याच्या नजरेने पाहा. कंदी पेढे ही साताऱ्याची ओळख आहे आणि तिथल्या घरांची पेढ्यांची दुकानं पिढ्यांपासून ठरलेली आहेत. म्हणून शाखेच्या विक्रीत पेढा जवळपास शून्य धरा आणि फरसाण, शेव, चिवडा, बाकरवडी यांवर आकडा उभा राहतो का ते बघा. कराडला पेढ्या-बर्फीचा वाटा मोठा असेल तर १८० चं सरासरी बिलही साताऱ्यात खाली येईल. हे तपासायला सणाच्या आधी काही आठवडे साताऱ्यात एखादा तात्पुरता स्टॉल घ्या, किंवा तिथल्या चार-पाच किराणा दुकानांत तुमची पाकिटं ठेवून बघा. त्यातून आलेली विक्री, भले छोटी असेल, प्रश्नावलीतल्या शंभर होकारांपेक्षा जास्त विश्वासाची असते. किराणा दुकानांना माल देणं हा शाखेला पर्यायही असू शकतो. अहवालात त्याला अर्धं पान तरी द्या.

माल कुठे बनणार, कसा पोचणार

माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत सर्वांत जास्त चुका इथे असतात, म्हणून जरा थांबून आकडे मांडतो.

शाखेचा महिन्याचा ठरलेला खर्च समजा असा: भाडं ३२ हजार, एक शाखाप्रमुख २० हजार, तीन माणसं प्रत्येकी १४ हजारांप्रमाणे ४२ हजार, वीज ११ हजार, किरकोळ ८ हजार. आता टेम्पो. कराड-सातारा अंतर साधारण ५० किलोमीटर, वाटेत तासवड्याचा टोल. डिझेल, टोल, चालक आणि गाडीची झीज मिळून एका फेरीला दीड हजार धरले आणि रोज गाडी पाठवली, तर ४५ हजार. सगळं मिळून १ लाख ५८ हजार. त्यावर बँकेचा हप्ता: १२ लाख, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर २६ हजार. एकूण १ लाख ८४ हजार. शंभराला ३४ रुपये उरत असतील, तर ही रक्कम भागायला महिन्याला ५ लाख ४१ हजारांची विक्री हवी. दिवसाला साधारण १८ हजार, म्हणजे १८० रुपयांची १०० बिलं.

‘दिवसाला शंभर बिलं’ ऐकायला सोपं वाटतं. पण दिवाळी सोडून कराडची विक्री ८ लाख आहे. म्हणजे तुमच्या जमलेल्या दुकानाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त धंदा नव्या गावात झाला, तर शाखा फक्त स्वतःचा खर्च भागवेल. हे वाक्य अहवालात ठळक लिहा.

आणि हिशेब इथे संपत नाही. हा वाढीव माल कराडच्याच कारखान्यात बनणार. आज साध्या दिवसात भट्टी आणि कढया किती तास चालतात? कारागीर दुपारी मोकळे होतात की संध्याकाळपर्यंत हात चालू असतात? समजा, आत्ताच्या माणसांत महिन्याला साडेतीन लाखांच्या विक्रीचा माल जास्तीचा निघेल, त्यापुढे नाही. मग शाखेची विक्री त्या टप्प्याला पोचली की दोन कारागीर आणि एक मदतनीस घ्यावे लागतील. त्यांचे ४५ हजार धरले की लागणारी विक्री ५ लाख ४१ हजारांवरून ६ लाख ७४ हजारांवर जाते, बिलं १०० वरून १२५ वर. हा खर्च कराडच्या पगारपत्रकात पडतो, म्हणून शाखेच्या हिशेबात कोणी धरत नाही. मग वर्षाअखेरीस शाखा नफ्यात दिसते आणि कराडच्या दुकानाचा नफा का घटला ते कळत नाही. अहवालात नियम एकच ठेवा: शाखा नसती तर जो खर्च झाला नसता, तो सगळा शाखेचा, मग तो कोणत्याही गावात होवो.

हाच नियम विक्रीलाही लावा. आज साताऱ्याहून किंवा उंब्रजहून येऊन कराडला माल घेणारे काही गिऱ्हाईक शाखेकडे वळतील. ती विक्री नवी नाही, तेवढी शाखेच्या आकड्यातून वजा करा.

खर्च खाली आणण्याची एक खरी वाट टेम्पोत आहे. फरसाण, शेव, चिवडा रोज पाठवायची गरज नसते. एक दिवसाआड गाडी पाठवली तर साडेबावीस हजार वाचतात आणि लागणारी विक्री ६ लाख ७ हजारांवर येते, दिवसाला साधारण ११२ बिलं. त्याची किंमत म्हणजे दुधाची ताजी मिठाई शाखेत जवळजवळ ठेवता येणार नाही, ठेवली तर नासाडी पाचाच्या वर जाईल. पेढा आपण आधीच सोडला असल्याने मला हा सौदा पटतो. पुढचे आकडे एक दिवसाआडच्या गाडीवरच धरले आहेत.

पैशांचा हिशेब

प्रकल्पखर्चात लोक फर्निचर, यंत्रं, अनामत लिहितात आणि सुरुवातीच्या महिन्यांचा तोटा सोडून देतात. तो असा काढा. पहिल्या तिमाहीत महिन्याला ३ लाख विक्री, दुसरीत ४, तिसरीत ५, चौथीत ६ लाख असं समजू.

पहिल्या तीन महिन्यांत दरमहा ५९ हजार ५०० कमी पडतील. दुसऱ्या तिमाहीत विक्री वाढूनही तूट ७० हजार ५०० होते, कारण त्याच वेळी नवे कारागीर पगारावर येतात. घरात भांडणं होतात ती याच महिन्यांत, तेव्हा ही वाढणारी तूट आधीच कागदावर असू द्या. तिसऱ्या तिमाहीत ती ३६ हजार ५०० आणि चौथीत अडीच हजारांवर येते. वर्षाची बेरीज ५ लाख ७ हजार. बँकेने पहिले काही महिने फक्त व्याज घ्यायचं कबूल केलं तर हा आकडा थोडा उतरेल, पण ते पत्र हातात आल्याशिवाय धरू नका.

मग प्रकल्पखर्च होतो: अनामत ३ लाख २० हजार, फर्निचर-वायरिंग-पाटी ७ लाख, थंड शोकेस, काटे आणि बिलिंग ३ लाख, सुरुवातीचा माल आणि खोकी दीड लाख, आणि तुटीसाठी ५ लाख १० हजार. एकूण १९ लाख ८० हजार. कर्ज १२ लाख, तर तुमच्या खिशातून ७ लाख ८० हजार. आजवर तुम्ही घरी बोलताना ‘चौदा-पंधरा लाखांचं काम’ म्हणत असाल तर फरक कुठून आला ते भाऊंना इथे दिसेल.

यानंतर आणखी एकच तक्ता द्या: सरासरी बिल १८० ऐवजी १५० निघालं तर? ६ लाख ७ हजारांसाठी मग दिवसाला १३५ बिलं लागतात. दहा वेगवेगळ्या शक्यतांची पानं भरण्यापेक्षा ज्या आकड्याबद्दल सर्वांत कमी खात्री आहे तो हलवून बघणं पुरेसं असतं. तुमच्या बाबतीत तो आकडा सरासरी बिलाचा आहे.

कर आणि करार

परवान्यांचं काम सरळ आहे. अन्नसुरक्षेचा परवाना प्रत्येक जागेला वेगळा लागतो, दुकान कायद्याखाली साताऱ्याच्या जागेची वेगळी सूचना द्यावी लागते, वजनकाट्यांचं दरवर्षी मुद्रांकन करून घ्यावं लागतं. जीएसटीचा नवा क्रमांक लागत नाही. राज्य तेच असल्याने आहे त्याच नोंदणीत व्यवसायाची आणखी एक जागा म्हणून साताऱ्याचा पत्ता घालायचा.

पण तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या योजनेत आहात, आणि ही गोष्ट तुमचा निर्णय फिरवू शकते. या योजनेची मर्यादा १ कोटी ५० लाख आहे आणि ती एका पॅनवरच्या सगळ्या शाखांना मिळून लागते. कराडचे १ कोटी १० लाख आणि शाखेचे पहिल्या वर्षीचे ५४ लाख मिळून १ कोटी ६४ लाख होतात. शाखा एप्रिलमध्ये उघडली तर फेब्रुवारी-मार्चमध्येच मर्यादा ओलांडाल, आणि ज्या दिवशी ओलांडाल त्या दिवसापासून योजनेतून बाहेर. आज कराडच्या विक्रीवर तुम्ही १ टक्का भरता, म्हणजे वर्षाला १ लाख १० हजार. बाहेर पडल्यावर मिठाई-फरसाणावर ५ टक्के लागतील. भाव न वाढवता तो कर किमतीतच बसवला तर कराडच्या १ कोटी १० लाखांतून ५ लाख २४ हजार करापोटी जातात. त्यातून तेल, साखर, बेसन, पॅकिंगवर भरलेल्या कराची वजावट मिळेल, पण सुट्या दुधासारख्या करमुक्त मालावर ती मिळत नाही. निव्वळ फरक किती, हे तुमची खरेदीबिलं पाहून सीए सांगतील. जो निघेल तो वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे शाखेच्या खर्चात धरा, कारण शाखा नसती तर कराडला तो पडला नसता. शाखेच्या ३४ रुपयांतूनही कराचा हा भाग कमी होईल. म्हणजे ११२ बिलांचा आकडा आणखी वर सरकणार आहे. सीएंच्या आकड्याशिवाय अहवाल पुरा झाला असं समजू नका.

गाळ्याचा करार ११ महिन्यांचा करून सात लाखांचं फर्निचर बसवू नका. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांचा मागा, दरवर्षीची भाडेवाढ लेखी घ्या, आणि मुदतीआधी सोडायचा हक्क दोन-तीन महिन्यांच्या नोटिशीवर तुमच्याकडे ठेवा. करार नोंदणीकृतच हवा. बँकही तोच मागते.

शाखा बंद करावी लागली तर

वर्षभरात जमलं नाही असं समजून हिशेब लिहा. अनामत परत मिळेल, यंत्रं निम्म्या किमतीला जातील, फर्निचरचे जवळजवळ काही येणार नाहीत. हातात साधारण पावणेपाच लाख येतील. त्या वेळी कर्ज १० लाखांच्या आसपास बाकी असेल. म्हणजे तुमचे ७ लाख ८० हजार गेलेच, आणि वर साधारण साडेपाच लाख कराडच्या दुकानातून फेडावे लागतील. ते दुकान हा भार पेलेल का, घरखर्च आणि मुलांची शिक्षणं धरून, हे दोघांनी मिळून लिहा. बँकसुद्धा शेवटी शाखेपेक्षा कराडच्या ताळेबंदाकडे पाहूनच कर्ज देते.

पहिलं पान

आता निर्णयाचं पान लिहा. नुसतं ‘शाखा व्यवहार्य आहे’ असं नको, अटींसह लिहा. वरच्या आकड्यांवर मी ते असं लिहिलं असतं:

‘पोवई नाक्याचा गाळा ३२ हजार भाड्याने, साठ महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर मिळाला, शेजारच्या दुकानांतून पिशवी घेऊन निघणाऱ्यांची मोजणी दोन आठवडे दिवसाला ३०० च्या वर राहिली, आणि कंपोझिशन सुटल्याचा खर्च धरून लागणारी बिलं दिवसाला १३० च्या आत बसली, तरच शाखा काढावी. यांपैकी एक जरी अट अपुरी राहिली तर या वर्षी साताऱ्यातल्या किराणा दुकानांना माल द्यावा. शाखा काढल्यास सहाव्या महिन्याअखेरीस तिमाहीची सरासरी विक्री ३ लाख २५ हजारांच्या खाली असेल, तर नवे कारागीर न घेता गाळा सोडण्याची नोटीस द्यावी.’

यातले ३००, १३० आणि सव्वातीन लाख हे आकडे तुमच्या मोजणीनंतर बदलतील. खाली दोघा भावांच्या सह्या आणि तारीख घाला, आणि मोजणीची मूळ वही, नासाडीची वही, दरपत्रकं, सीएंचं टिपण परिशिष्टात जोडा.